मागच्या न्हाणीतलं विसण

शनिवारच्या भर दुपारी हेमचंद्र कर्णिक गच्चीवर उभे होते आणि त्यांना उन्हाचा राग येत होता. खरं म्हणजे ऊन आपलं काम चोख करत होतं. फेब्रुवारीतलं स्वच्छ, कोरडं ऊन दोन्ही काळ्या पेट्यांच्या काचांवर भरभरून पडत होतं. पेट्यांच्या मागे लोखंडी घोडीवर गरम पाण्याची पांढरी टाकी, आणि तिच्याहून उंचावर थंड पाण्याची सिमेंटची टाकी. सगळं जागच्या जागी. तरी खाली स्वयंपाकघरात गरमचा नळ सोडला की येत होतं ते नदीवरून भरून आणल्यासारखं गार पाणी.

"आलं का गं?" कठड्यावरून वाकून त्यांनी विचारलं.

"आलं!" खालून माईंचा आवाज आला. "माठात भरून ठेवू का?"

माई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी हेमचंद्ररावांची बायको गेली, तेव्हा माई पेणहून आल्या त्या मांजर्लीच्या या बंगलीतच राहिल्या. गुडघे गेले होते, पण जीभ अजून धडधाकट होती.

हेमचंद्रराव अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षं होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं केलेली गोष्ट एकच: हा सोलर बंब. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. गरम झालेलं पाणी हलकं होतं, ते आपोआप पेटीतून वर टाकीत चढतं. टाकीच्या तळाचं थंड पाणी जड, ते खाली पेटीत उतरतं. ऊन आहे तोवर हे फिरणं चालू राहतं, ना मोटर, ना वीज. हे ते येईल त्याला इतक्या मनापासून समजावून सांगत की पाहुणे चहा निवला तरी उठत नसत. त्या भरात त्यांनी जुना तांब्याचा बंब मोडीत घातला. माई तेव्हा म्हणाल्या होत्या, "राहू दे रे, अडीअडचणीला." ते म्हणाले होते, "माई, सूर्य काही संपावर जात नाही."

आता आखातात लढाई पेटलेली. रॉकेलच्या दुकानापुढे पहाटेपासून डब्यांची रांग. गॅसच्या सिलिंडरला महिन्याची वाट. आणि घरात वीस दिवसांची बाळंतीण.

उमा, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आई नसलेल्या माहेरी. तिच्या सासूबाई अंजनीबाई गुप्ते दादरला राहत. त्यांनी आधीच विचारलं होतं, "तुमच्याकडे होईल ना सगळं? नाहीतर इथेच करू." हेमचंद्ररावांनी आयुष्यात फार थोड्या वेळा ठामपणे काही सांगितलं असेल; पण त्या दिवशी ते म्हणाले, "होईल. तिच्या आईच्या घरीच होईल."

बारशाला अंजनीबाई आल्या. चाळीस माणसं जेवली, पाणी सपाट्यानं उपसलं गेलं. दुपारी नातीचं नाव मीनल ठेवून झाल्यावर अंजनीबाई हात धुवायला गेल्या आणि गरमच्या नळाखाली बोटं धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, "कर्णिकसाहेब, रागावू नका. बाळंतिणीला कढत पाणी मिळायलाच हवं. वाताला एकदा वाट मिळाली की जन्मभर सांधे धरतात. पुढच्या रविवारी मी येते. तोवर पाण्याचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर उमाला आणि मीनलला घेऊन जाते."

त्यात वावगं काय होतं? काहीच नाही. म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं.

तो पुढचा रविवार म्हणजे उद्या.

आठवडाभर त्यांनी काय काय केलं नव्हतं! सोमवारी पेट्यांच्या काचा पुसल्या. मंगळवारी पाणी गारच, म्हणून वरच्या नळीला हात लावून पाहिलं, तर पेटीजवळ ती चटका देत होती आणि टाकीजवळ थंडगार. आतून केटलीसारखा सूं-सूं आवाज येत होता. म्हणजे पेटीतलं पाणी तापतंय, पण टाकीत चढत नाही. फिरणं बंद पडलंय. बुधवारी त्यांनी विठ्ठलवाडीहून नाथाला बोलावून आणलं. नाथा चाळिशीचा प्लंबर, उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या दुकानात वीस वर्षं काढलेला. कान लावून त्यानं निदान केलं.

"काका, हवा धरली हिने. बारशाला वरची टाकी पूरी खाली झालेली ना? मग पाणी भरताना मधी हवा अडकली. आता तुमचं पाणी चढणार कुठून? रस्त्यात बूच बसलंय."

त्यानं वरच्या नळीचा जोड सैल केला. फुस्स करून हवा आणि वाफ निघाली, मग थुंकी टाकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. जोड पुन्हा आवळला. तासाभरात टाकीजवळची नळीही तापली. हेमचंद्रराव इतके खूश झाले की त्यांनी नाथाला जेवायला बसवलं.

गुरुवारी सकाळी सहाला माईंनी उमाच्या आंघोळीची बादली भरायला घेतली. आधी तांब्याभर ऊन पाणी आलं. मग कोमट. मग गार.

शुक्रवारी नाथानं टाकीतून खाली येणाऱ्या गरमच्या नळीवरचा व्हॉल्व्ह खोलला. "कधी कधी आतली पत्ती तुटून खाली बसते," तो म्हणाला. "वरून चक्र फिरतं, आणि आत दरवाजा बंदच." पण पत्ती शाबूत होती, वरखाली होत होती. त्यानं व्हॉल्व्ह परत बसवला आणि डोकं खाजवलं.

आज, शनिवारी, हेमचंद्ररावांनी टाकीतून निघणाऱ्या त्याच नळीवर तळवा ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणजे वर टाकीत पाणी उकळायच्या बेताला आलेलं, आणि खाली नळाला गार. मधल्या पंचवीस फुटांत ऊब जाते कुठे?

त्यांनी वहीत सगळ्या नळ्यांचा नकाशा पुन्हा काढला. घरात गरम पाणी तीन ठिकाणी: स्वयंपाकघर, पुढची मोरी, आणि उमाच्या खोलीला लागून असलेली मागची न्हाणी. स्वयंपाकघर आणि मोरी त्यांनी स्वतः तपासली. मागच्या न्हाणीच्या दाराशी जाऊन ते थांबले होते. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता, दोरीवर दुपटी आणि उमाचे कपडे वाळत होते. बाळंतिणीच्या न्हाणीत पुरुषमाणसानं पाऊल टाकू नये, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांच्या हाडात होतं. उमाच्या वेळी ते आपल्या बायकोच्या खोलीतही बारा दिवस गेले नव्हते.

"माई," त्यांनी दुरूनच विचारलं होतं, "तिथले नळ गळत नाहीत ना?"

"थेंबभरही नाही," माई म्हणाल्या होत्या. आणि ते खरं होतं.

"बनूबाई काय म्हणते पाण्याचं?"

बनूबाई ही मांजर्ली गावठाणातली न्हाऊ घालणारी बाई. पन्नास वर्षांत तिनं किती पोरं पायांवर घेतली याचा तिलाही हिशेब नव्हता. आधीच्या घरी गुंतली होती, म्हणून उमाकडे ती अकराव्या दिवसापासून येत होती. मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. हेमचंद्ररावांनी तिचं तोंडसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

"बनूबाई म्हणते, तुमचा सोलर पोरीपुरताच हाय," माईंनी तिची नक्कल केली.

ते कसंनुसं हसले. टोमणा होता तो. त्यांना वाटलं, बरोबर आहे, माझं सगळंच पोरीपुरतं; तेही धड नाही.

रात्री उमा पाळण्याची दोरी हातात घेऊन म्हणाली, "बाबा, एवढं काय मनाला लावून घेता? महिनाभर दादरला गेले, तर काय बिघडलं? परत येईनच की."

"हो, हो. ते काय," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. उमा परत येणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि तिलाही. महिन्याभरानं मीनलला घेऊन येईल ती पाहुणी म्हणून, चार दिवसांची. हे दोन-तीन महिने हेच काय ते माहेर होतं. आणि त्यांना सारखं वाटत होतं, हिची आई असती तर असं झालंच नसतं. तिनं बंब मोडीत घालूच दिला नसता.

रविवारी नाथा साडेदहाला आला. अंजनीबाई बारापर्यंत पोचणार होत्या. बनूबाई रोज नऊला येई. आज अजून तिचा पत्ता नव्हता. चुलतभावाकडे पूजा आहे, उशीर होईल, असा निरोप होता म्हणे. हेमचंद्ररावांच्या ते कानावरून गेलं, डोक्यात शिरलं नाही.

गच्चीवर नाथा बराच वेळ सिमेंटच्या टाकीखाली उकिडवा बसून राहिला. मग बिडी विझवून म्हणाला, "काका, आपण आठ दिवस गरमच्या मागे पळतोय. एकदा थंडला विचारू या."

"म्हणजे?"

"हे बघा. ह्या टाकीतून दोन नळ्या निघतात. ही एक सोलरच्या टाकीला पाणी देते. ही दुसरी घरात थंडच्या नळांना जाते. बरोबर? आता सोलरच्या टाकीचं गरम पाणी बाहेर पडतं वरच्या अंगाने. खालून थंड पाण्याने ढकललं तरच ते बाहेर पडणार."

"तेच तर तत्त्व आहे," हेमचंद्रराव उत्साहानं म्हणाले.

"तत्त्व राहू द्या. मी हा ढकलणारा व्हॉल्व्ह बंद केला, तर खाली गरमचा नळ काय होईल?"

"थोडं येईल आणि सुकेल."

"सुकायलाच पाहिजे. आणि नाही सुकला तर?"

हेमचंद्रराव त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं नळ्यांचे नकाशे काढले, आणि हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता.

"माई!" ते कठड्याकडे धावले. "गरमचा नळ पूर्ण सोड. आणि मी विचारीन तेव्हा सांग."

"सोडला! आता काय, आरती म्हणू का त्याच्यापुढे?"

नाथानं चक्र फिरवून सोलरच्या टाकीकडे जाणारं पाणी बंद केलं. उन्हात सिमेंट तापायला लागलं होतं. दोन मिनिटं गेली. तीन.

"माई, बंद झाला?"

"बारीक झाला. पण चालू आहे. गार आहे!"

आणखी दोन मिनिटं.

"आता?"

"तीच धार. करंगळीएवढी. थांबत नाही मेली!"

नाथानं मांडीवर थाप मारली. "सापडला चोर! काका, सोलरला पाणीच नाही, आणि गरमच्या नळाला पाणी येतंय. मग हे आलं कुठून? थंडच्या लाइनीतून. घरात कुठेतरी दोघांची गळाभेट झालीय. सोलरची नळी अर्ध्या इंचाची, चार वळणं घेऊन येते. थंडची एक इंची, सरळ. तुम्ही गरम सोडता, आणि थंड पळत येऊन आधी घुसते. टाकीतलं गरम आपलं वरच बसून राहतं."

त्याच वेळी खाली कुठेतरी मीनल रडायला लागली. एकदम, दचकल्यासारखं, किंचाळून. हेमचंद्ररावांनी मान वळवली.

"रडू दे, लहान मूल हाय," नाथा म्हणाला. तो आता रंगात आला होता. "आता उलटी परीक्षा. हे सोलरचं चालू करतो. आणि थंडची लाइन बंद करतो. गळाभेटच नाही, तर नळाला काय आलं पाहिजे?"

"गरम," हेमचंद्रराव म्हणाले. पण त्यांचं लक्ष रडण्याकडे होतं. भूक लागली असेल. नाही, भुकेचं रडणं वेगळं. ते कुरकुरत सुरू होतं.

नाथानं एक चक्र उलट फिरवलं, दुसरं सुलट. मोठं चक्र होतं, त्यानं दोन्ही हातांनी आवळलं.

"माई, बघ आता!"

थोडा वेळ काहीच नाही. मग खालून माईंचा आवाज आला, आणि तिचा इतका खूश आवाज हेमचंद्ररावांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "अरे, आलं! हेमू, गरम आलं! वाफ येतेय बघ! हात धरवत नाही!"

नाथा हसला. हेमचंद्ररावही हसले. अर्ध्या क्षणापुरतेच. मग त्यांना कळलं. सगळं एकदम कळलं नाही. तुकडे एकामागून एक येऊन पडले. घरात थंड आणि गरम भेटू शकतील अशी एकच जागा: मागच्या न्हाणीतला तो दोन चाव्यांचा, एकाच तोंडाचा नळ. तो नकाशात त्यांनीच दाखवला होता, उमाला सोयीचं म्हणून. पोरीपुरताच हाय. पोरीला तेवढं मिळतंय, म्हणजे तो नळ बनूबाई वापरते. आणि मीनल पाण्यात रडतेय. बनूबाई आली आहे.

आणि थंडची लाइन त्यांनी आत्ताच बंद केली होती.

"नाथा, उघड! थंड उघड!" ते ओरडले, आणि त्यानं चक्राला हात घालायच्या आत ते जिन्याकडे पळाले. साठीचा माणूस, एका वेळी दोन पायऱ्या. चप्पल मधेच सुटली. मधल्या खोलीत खुर्ची आडवी आली, ती लाथेनं उडाली. "बनूबाई! पाणी! पाणी दूर धर!" ते ओरडत होते, पण तोंडातून नीट शब्द फुटतात की नाही हे त्यांना कळत नव्हतं. खोलीत उमा खाटेवर उठून बसली. "बाबा? काय झालं?" ते तिच्यासमोरून गेले, दोरीवरचं दुपटं तोंडावर आपटलं, ते बाजूला सारलं, आणि ज्या दारापाशी ते आठ दिवस थांबत होते ते दार त्यांनी ढकललं.

आत वाफ भरली होती.

बनूबाई पाटावर पाय लांब करून बसली होती. मीनल तिच्या नडग्यांवर पालथी, तेलानं तुकतुकीत, लालबुंद, आणि रडत होती. हेमचंद्ररावांना आधी तो लाल रंगच दिसला.

"आत काय येता वो!" बनूबाई कडाडली. मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "पोर बरी हाय. काय नाय झालं तिला. हिला बघा नीट, रडून लाल झालीय."

तिच्या डाव्या हातात हिरवी रबरी नळी होती, दुमडून मुठीत गच्च आवळलेली. उजवा हात तिनं दूर धरला होता. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी शेंदरी झाली होती.

"आधी एकदम गार झालं," ती दात आवळून म्हणाली. "पोर किंचाळली. मी म्हटलं, आता येल ऊन, म्हणून थांबली. तं आलं ते निखाऱ्यागत. पाणी पयलं माज्या हातावर पडतं, मग पोराच्या अंगावर. आमची रीतच हाय ती. नायतर आज..."

माई धापा टाकत दारात आल्या. उमानं त्यांच्या बगलेतून आत शिरून मीनलला उचललं, पंच्यात गुंडाळलं, आणि ती पाठ फिरवून भिंतीशी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

हेमचंद्रराव न्हाणीच्या ओल्या फरशीवर उभे होते. समोरच्या भिंतीवर तो नळ होता. त्याच्या तोंडाला रबरी नळी बसवलेली. गरमची चावी पूर्ण उघडी. थंडची अर्धवट.

"ही नळी..." ते म्हणाले.

"मीच दिली," माई म्हणाल्या. "बागेतली होती. पाणी घालायला दुसरं माणूस लागतं ना. माझे गुडघे बसू देत नाहीत. म्हणून तिला म्हटलं, नळीनं घाल."

"आणि आंघोळ झाल्यावर बंद कसं करतेस, बनूबाई?"

"अशी मोडायची आन् सुतळीनं बांधायची." तिनं मुठीतली दुमड दाखवली. "चाव्या नाय फिरवत. इसण एकदा जमलं का ते हलवायचं नाय. पोर वल्ली पायावर आसताना चावी पिळत बसू काय?"

कढत पाण्यात गार पाणी किती घालायचं ते तिचं विसण. पन्नास वर्षं ते तिनं तांब्यानं घातलं होतं. आता चावीनं घालत होती.

"दुपटी धुताना मातर थंड पुरं सोडते," ती पुढे म्हणाली. "मंग दुसऱ्या दिशी परत जमवून घेते."

म्हणजे रोज आंघोळीनंतर दोन्ही चाव्या सताड उघड्या, आणि नळीचं तोंड बांधलेलं. थेंबभरही गळत नव्हतं ते म्हणूनच. भिंतीच्या आत चोवीस तास थंड पाणी गरमच्या नळीत शिरत होतं. अकराव्या दिवसापासून. आणि हा नळ कुठे जोडलाय हे ज्याला माहीत होतं तो दाराबाहेर उभा राहून नळ गळतो का विचारत होता.

त्यांनी पुढे होऊन दोन्ही चाव्या आवळल्या. मग शेजारच्या थंडच्या साध्या नळाचं बादलीत पाणी घेतलं, हातानं चाचपलं. नाथानं वर थंड सोडलं होतं. ती बादली त्यांनी बनूबाईपुढे ठेवली. "हात बुडवून ठेव. काढू नकोस. चूक तुझी नाही. वरून मी बंद केलं. न विचारता."

"न विचारता काय बंद केलं?" दारातून आवाज आला.

अंजनीबाई गुप्ते हातात फळांची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पुढचं दार उघडंच होतं. त्यांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं: भिंतीशी उमा, बादलीत हात घातलेली बनूबाई, आणि न्हाणीत, अनवाणी, धोतराचा सोगा भिजलेले व्याही.

थाप मारता आली असती. माईंनी मारायला तोंड उघडलंही होतं. पण हेमचंद्ररावांना थापा येत नसत; शाळेपासून येत नसत. त्यांनी जे झालं ते सांगितलं. नळी, चाव्या, व्हॉल्व्ह, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "हिचा हात नसता तर मीनलच्या पाठीवर पडलं असतं. तुम्ही उमाला न्यायला आलात. मला काही म्हणायला तोंड नाही. न्या."

मीनलचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं.

अंजनीबाईंनी पिशवी खाली ठेवली, पंचा उलगडून नातीची पाठ, मांड्या, तळवे निरखून पाहिले. मग बनूबाईच्या बादलीत वाकून बघितलं. "फोड येणार याला," त्या म्हणाल्या. "आठ दिवस तरी पाण्यात हात घालायचा नाही."

"पंधरा," माई पुटपुटल्या.

मग अंजनीबाई न्हाणीत आल्या आणि शेजारीच बादली भरायला वेगळा साधा गरमचा नळ होता, त्यापाशी गेल्या. तो सोडला. आधी गार आलं. मग कोमट. मग धारेतून वाफ उठली आणि उठतच राहिली. अंजनीबाईंनी बोट लावलं, झटक्यात मागे घेतलं, पदराला पुसलं.

"दादरला," त्या नळाकडेच बघत म्हणाल्या, "आज सकाळी रॉकेलच्या रांगेत अडीच तास उभी होते. डबा अर्धाच भरला. दुकानदारानं पाटी लावली." त्यांनी नळ बंद केला. "हिला तिथे नेऊन मी पाणी कशावर तापवणार होते, हे मलाही ठाऊक नव्हतं, कर्णिकसाहेब. पण तुमच्याकडे तर गारच होतं ना."

उमा वळली. "म्हणजे, आई?"

"म्हणजे आता या घरात पाणी आहे आणि न्हाऊ घालणारी बाई नाही. तिचा हात बरा होईपर्यंत मी थांबते. माई, तुमचं एखादं जुनं पातळ आहे का? मी एका साडीवर आलेय."

"एखादं का, चार आहेत," माई म्हणाल्या. "पण बोलणं माझंच ऐकावं लागेल."

"ते मी मागच्या रविवारी ऐकलंय."

बनूबाई बादलीतून हात न काढता खुदकन हसली. हेमचंद्रराव मात्र हसले नाहीत. ते मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. आत बायकांचे आवाज सुरू झाले होते, खोबरेल कुठंय, पंचा दुसरा आणा, शेक देऊ का. त्या आवाजांत उमाचाही होता. ती जाणार नव्हती. तरी त्यांच्या डोळ्यांपुढून ती शेंदरी कातडी हलत नव्हती.

गच्चीवरून नाथा वाकला. त्याला खालचं काहीच कळलं नव्हतं. "काका! सापडलं का? मग सोलरच्या टाकीला उलटं पाणी घुसू नये म्हणून एकतर्फी व्हॉल्व्ह टाकून देऊ. आत्ताच टाकतो, पाच मिनिटांचं काम. फक्त वरचं पाणी बंद करतो!"

"थांब!" हेमचंद्रराव उठून उभे राहिले. इतक्या मोठ्यानं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. "हात लावू नकोस. आधी आत विचारून येतो, कुणी आंघोळीला बसलंय का."